भाद्रपदाच्या आधी

मराठी भाषेला कुत्र्यांचे पंचांग फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘भाद्रपदातला कुत्रा’ हा शब्दप्रयोग आज शिवीसारखा वापरला जातो, पण मुळात ते निरीक्षण आहे. पावसाचा जोर ओसरू लागला की कुत्र्या माजावर येतात, एकेकीच्या मागे सात-आठ कुत्रे धावताना दिसतात, रात्रभर भांडणे चालतात. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे भाद्रपदात राहिलेली पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात जन्मतात. जयपूरमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांची अनेक वर्षे पाहणी झाली, तेव्हा तिथेही वेतांची गर्दी थंडीच्या महिन्यांतच आढळली. जुन्या माणसांनी ओट्यावर बसून जे पाहिले, तेच पशुवैद्यांनी नोंदवहीत मांडले.

आजचा विषय हा महिना पकडण्याचा आहे. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करायचे, तर ते कधी, कुठून आणि किती केले म्हणजे रेबीज हटतो, आणि किती वर्षांनी कुत्री कमी दिसू लागतात, हा प्रश्न आहे. त्याचे निम्मे उत्तर याच कोकणपट्टीवर, दक्षिणेला गोव्यात सापडते. उरलेले निम्मे त्याच जयपूरमध्ये.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. गावसभेत निर्बीजीकरण आणि लसीकरण हे दोन शब्द एका दमात उच्चारले जातात आणि दोन्ही एकच काम करतात असा समज होतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच टेबलावर होऊ शकतात हे खरे. पण लस रेबीजवर काम करते आणि तिचा परिणाम एक-दोन वर्षांत दिसू लागतो. शस्त्रक्रिया कुत्र्यांच्या संख्येवर काम करते आणि तिचा परिणाम दिसायला पाच-सात वर्षे जातात. हा फरक ध्यानात न ठेवल्यामुळे कितीतरी मोहिमा दुसऱ्या वर्षी बंद पडल्या. ‘एवढा खर्च केला, कुत्री तेवढीच दिसतात’ असे कोणीतरी म्हणते आणि पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाते.

गोव्यापासून सुरुवात करू. ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि गोवा सरकार यांनी तिथे २०१३ ते २०१९ या काळात जे काम उभे केले, त्याचा सविस्तर अहवाल २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात आला. काम राज्यभर पोहोचल्यावर वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस दिली जाऊ लागली. ७० टक्के कुत्र्यांपर्यंत लस पोहोचली. कुत्र्यांमधले रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी उतरले. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. देशभराच्या चित्राशेजारी हे ठेवून पाहावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये घरोघर जाऊन केलेल्या पाहणीवरून, भारतात वर्षाला सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात असा अंदाज निघाला. प्राणी चावल्याच्या घटना वर्षाला ९० लाखांहून अधिक, आणि त्यांतल्या चारांतल्या तीन कुत्र्याच्या.

गोव्यातली पथके जाळी घेऊन निघत. वाड्यात बांधलेल्या कुत्र्याला मालकाने धरायचे, मोकाट कुत्र्याला जाळ्यात घ्यायचे, जागच्या जागी लस टोचायची, डोक्यावर रंगाची खूण करायची आणि तिथेच सोडायचे. हे सारे काही मिनिटांत. प्रत्येक पथकाच्या फोनवर नकाशा असे आणि त्यावर त्या दिवसाची हद्द आखलेली असे. लस टोचली की जागेसह नोंद व्हायची. कोणती गल्ली राहिली हे संध्याकाळी नकाशाच सांगायचा. सोबत वर्षाला दीड लाख शाळकरी मुलांपर्यंत शिक्षक पथके जात होती, कारण कुत्रा चावल्याचे मूल घरी लपवते आणि मग उशीर होतो.

या पद्धतीतला रंग सर्वांत मोलाचा. लस टोचल्यानंतर एक-दोन दिवसांत दुसरी माणसे त्याच भागातून सकाळी फिरतात आणि दिसेल तो कुत्रा मोजतात. समजा १०० कुत्री दिसली आणि त्यांतल्या ६८ डोक्यांवर रंग आहे, तर लसीकरण ६८ टक्क्यांच्या आसपास झाले. रंग ४० डोक्यांवरच असेल तर पथक परत त्याच वाडीत जाते. ‘आम्ही ७०० कुत्र्यांना लस दिली’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. गावात ८०० कुत्री असली तर ते उत्तम काम, २,००० असली तर पैसे पाण्यात.

आता ७० टक्के हा आकडा आला कुठून, ते पाहू. रेबीज हा तसा संथ पसरणारा रोग. एक पिसाळलेला कुत्रा मरण्यापूर्वी सरासरी एक ते दोन कुत्र्यांनाच रोग देऊन जातो. गोवर असा थोपवायला जवळजवळ सगळ्यांना लस लागते. रेबीजची साखळी तुटायला मात्र कोणत्याही क्षणी तिसरा हिस्सा ते निम्मी कुत्री सुरक्षित असली तरी पुरते. मग ७० कशाला? कारण कुत्री मरतात आणि नवी जन्मतात. हजार कुत्र्यांचा एक टापू धरा. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. त्यांतल्या ७०० कुत्र्यांना मार्चमध्ये लस दिली. मोकाट कुत्र्याचे आयुष्य तोकडे असते, म्हणून वर्षभरात ३५ टक्के मेली असे मानू. लसवाली ४५५ उरली. मेलेल्यांची जागा पिल्लांनी भरली आणि टापूत पुन्हा हजार कुत्री झाली. पुढच्या मार्चला सुरक्षित कुत्री साडेपंचेचाळीस टक्के. साखळी तुटलेलीच राहते.

हेच गणित ५०० लसींनी करून पाहा. वर्षाअखेरीस ३२५ उरतात, म्हणजे साडेबत्तीस टक्के. इथे दार पुन्हा किलकिले होते. म्हणूनच अर्धवट लसीकरणात अर्धा फायदा मिळत नाही. कित्येकदा काहीच मिळत नाही.

याच ठिकाणी निर्बीजीकरण लसीच्या मदतीला येते. पिल्ले कमी जन्मली आणि हजारांची साडेआठशे झाली, तर तीच ४५५ लसवाली कुत्री ५३ टक्क्यांवर जातात. नवे पिल्लू म्हणजे लस न घेतलेला कुत्रा. त्याची भर जितकी मंद, तितकी जुनी लस जास्त काळ टापू राखते.

शस्त्रक्रियेकडे वळू. कुत्रीचे गर्भाशय आणि अंडाशय काढतात, कुत्र्याचे वृषण. भूल देण्यापूर्वी जनावर उपाशी ठेवावे लागते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस पिंजऱ्यात ठेवून जखम पाहावी लागते. त्याच भुलीत कानाला खाच मारतात आणि रेबीजची लस टोचतात. मग जिथून उचलले तिथेच सोडायचे. कानाची खाच हा त्या जनावराचा दाखला. रंग आठवड्यात धुऊन जातो, खाच जन्मभर राहते, आणि कोणताही गावकरी ती लांबून वाचू शकतो.

लक्ष माद्यांवर हवे. नर कितीही पकडले तरी मागे राहिलेले दोन-चार सगळ्या माद्यांना पुरतात. पण नर उघड्यावर भटकतो, धीट असतो, चटकन सापडतो. मादी झुडपात, नावेखाली, बंद बंगल्याच्या मागे असते. ज्या मोहिमेला शस्त्रक्रियांच्या संख्येवर पैसे मिळतात, ती सापडेल ते उचलते. वर्षाअखेरीस आकडा भरतो आणि पिल्ले तेवढीच दिसतात. नोंदवहीत नर-मादी वेगळे मोजले आहेत का, हे गावाने पहिल्याच दिवशी विचारावे.

मघाचाच हजार कुत्र्यांचा टापू पुन्हा घेऊ. त्यात ५०० माद्या. एक मादी वर्षाला एक वेत आणि वेताला पाच पिल्ले धरली, तर अडीच हजार पिल्ले. यांतली बहुतेक मरतात. पश्चिम बंगालमध्ये संशोधकांनी ९५ वेतांतली ३६४ पिल्ले जन्मापासून पाहिली. त्यांतली फक्त १९ टक्के सात महिन्यांची, म्हणजे वयात येण्याइतकी झाली. त्या हिशेबाने इथे पावणेपाचशे वाचतील. वर्षाला साडेतीनशे कुत्री मरतात हे आपण मानलेच आहे. म्हणजे हात लावला नाही तर टापूत अन्न असेल तितकी कुत्री भरतच राहणार.

आता ३५० माद्यांची शस्त्रक्रिया केली. उरलेल्या १५० माद्यांना साडेसातशे पिल्ले होतील आणि सुमारे १४० वाचतील. मेली साडेतीनशे, आली एकशे चाळीस. संख्या उतरू लागली. पण शस्त्रक्रिया १५०-२०० माद्यांवर थांबली, तर वाचणारी पिल्ले जवळपास तीनशे होतात. शिवाय कुत्री थोडी कमी झाल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याचे अन्न वाढते, पिल्ले जास्त जगतात आणि तूट भरून निघते. दोनशे शस्त्रक्रियांचा खर्च झाला आणि टापू जिथे होता तिथेच राहिला.

दुसऱ्या वर्षीचे गणित तर फारच बोलके आहे. ३५० खाचवाल्या माद्यांतल्या २२८ उरतात. बाकीच्या १५० पैकी ९७ उरतात आणि वयात आलेल्या नव्या माद्या ७०. एकूण माद्या ३९५, त्यांत निर्बीज ५८ टक्के. पुन्हा ७० टक्क्यांवर जायला फक्त ५० शस्त्रक्रिया लागतात. पहिल्या वर्षी साडेतीनशे, दुसऱ्या वर्षी पन्नास! हे पन्नास केले नाहीत आणि त्यापुढचे वर्षही तसेच गेले, तर निर्बीज माद्यांचे प्रमाण निम्म्याखाली येते आणि पहिल्या वर्षीचा सगळा खर्च विरघळू लागतो. निविदा लांबली, ठेकेदार बदलला, निवडणुकीची आचारसंहिता लागली, अशा कारणांनी पडलेला दीड वर्षाचा खंड म्हणूनच इतका महाग पडतो.

जयपूरमध्ये ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने हा खंड पडू दिला नाही. १९९४ ते २००२ या आठ वर्षांत त्यांनी शहराच्या ठरावीक भागातून सुमारे २५ हजार कुत्री उचलली, लस दिली, त्यांतली बहुतेक निर्बीज केली आणि जागेवर परत सोडली. ६५ टक्के माद्या निर्बीज झाल्या. कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली. त्या भागातले माणसांचे रेबीज-मृत्यू शून्यावर आले, तर जिथे काम झाले नव्हते त्या भागात ते वाढले. पुढच्या वर्षांत तिथे कुत्रे चावण्याचे प्रमाणही उतरले. त्याचे कारण साधे आहे. व्यायलेली कुत्री पिल्लांजवळ कोणाला फिरकू देत नाही. वेत नाही, तर तो हल्लाही नाही.

आठ वर्षांत २८ टक्के ही घट काहींना तोकडी वाटेल. ती तोकडी नाही, तिचा वेगच तेवढा आहे. खाडीपलीकडच्या मुंबईत २०१४ च्या गणनेत ९५,१७२ मोकाट कुत्री होती आणि २०२४ च्या गणनेत ९०,७५७. दहा वर्षांत पाच टक्क्यांहूनही कमी घट. अफाट शहरात काम विखुरले की ते वाढ थोपवते, उतार आणत नाही.

‘मग मारूनच का टाकू नयेत’ असे विचारणाऱ्याला मुंबईचाच जुना दाखला देता येतो. १८३२ साली कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून फोर्टात पारशी समाजाने दंगल केली, इतके ते मारणे जुने आहे. १९९४ पर्यंत महापालिका कुत्री मारतच होती. इतक्या वर्षांच्या मारण्याने मुंबई रिकामी झाली नाही, कारण उकिरडा तसाच होता. टापूतला लसवाला, निर्बीज कुत्रा उचलला की त्याच्या जागी शेजारचा बिनलसीचा, प्रजननक्षम कुत्रा येतो. रेबीजपुढे घातलेल्या बांधाचा दगडच आपण काढून टाकतो. कायदाही याच वाटेने आला आहे. २००१ चे श्वान जन्मनियंत्रण नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम हेच सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर कुत्रे मूळ जागी सोडण्याचे तत्त्व कायम ठेवले, रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळून. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातली कुत्री तिथे परत सोडू नयेत, असा आदेश दिला. त्या आवारांपुरता हा अपवाद आता पाळावा लागेल.

आता आपला किनारा. गोव्याला राज्याची एक हद्द आणि एक सरकार होते. इथे अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन या नगरपरिषदा, आणि मधल्या साऱ्या गावांत ग्रामपंचायती. अलिबाग नगरपरिषदेने शहरातली कुत्री निर्बीज केली आणि वरसोली, चेंढरे तशीच राहिली, तर दोन वर्षांत सारे पूर्ववत. कुत्र्याला नगरपरिषदेची हद्द कळत नाही. पाणी मात्र त्याला अडवते, आणि पाणी या किनाऱ्याला भरपूर आहे. अलिबाग तालुक्याच्या पश्चिमेला समुद्र, उत्तरेला आणि ईशान्येला धरमतरची खाडी, दक्षिणेला रेवदंड्याशी कुंडलिकेची खाडी. कुत्री यायच्या वाटा थोड्या आहेत: दोन खाड्यांवरचे पूल, पेण-रोह्याकडची जमीन आणि माणसाच्या मांडीवर बसून मांडव्याला उतरणारे पाळीव जनावर. असा टापू मोहिमेसाठी फार सोयीचा असतो. पहिले वर्ष संपूर्ण अलिबाग तालुका, मग कुंडलिकेपलीकडे मुरूड, मग राजपुरी खाडीपलीकडे दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. तिन्ही ठिकाणी थोडे थोडे करण्यापेक्षा एक खाडी पुरती करून पुढची घ्यावी, आणि मागे केलेल्या टापूत दर वर्षी परत यावे.

इथला उकिरडाही ऋतूप्रमाणे बदलतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. बंदरावरची फेकलेली मासळी आटते. शनिवार-रविवारचे पाहुणे कमी होतात, बंगले कुलूपबंद राहतात आणि उन्हाळाभर बिस्किटांवर वाढलेली पिल्ले एकाएकी उपाशी पडतात. तीच कुत्री मग गावात घुसतात, कोंबड्या धरतात. आणि विणीच्या हंगामात दिवेआगर-हरिहरेश्वरच्या वाळूत कासवांची घरटी उकरतात. म्हणून तर तिथे कासवांची अंडी कुंपणाच्या आत हलवावी लागतात.

इथेच भाद्रपद आडवा येतो. माजाच्या आधी माद्या निर्बीज व्हायला हव्यात, तर शस्त्रक्रिया आषाढ-श्रावणात येतात. कोकणातला आषाढ-श्रावण म्हणजे ओले पिंजरे, चिखलात सोडलेले जनावर आणि चिघळणारी जखम. म्हणून किनाऱ्यावरचा हंगाम माघ ते वैशाख धरावा. तेव्हा थंडीतली पिल्ले आईपासून सुटत आलेली असतात. अंगावर पाजणारी कुत्री उचलू नये, पिल्ले मरतात. फेब्रुवारीनंतर अशा माद्या कमी होत जातात. मेअखेरीस टाके भरलेले आणि कान खाचलेले हवेत.

लसीचे आणखी एक दुखणे. ती दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कितीतरी गावे अनेक दिवस विजेविना होती. अशा वेळी शीतकपाटातली लस तापते, बाटली तशीच दिसते, टोचली जाते आणि तिच्या संरक्षणाचा भरवसा उरत नाही. पावसाळ्यात साठा तालुक्याला जनित्र असलेल्या जागीच ठेवावा आणि मोहिमेच्या दिवशी बर्फाच्या पेटीतून न्यावा.

काम नीट चालले आहे की नाही, हे कोणत्याही गावाला स्वतः पाहता येते. डिसेंबरात चार दिवस पहाटे, उजाडताना, ठरलेल्या त्याच रस्त्यांवरून चालावे आणि तीन गोष्टी लिहाव्यात: किती माद्या, त्यांत किती कान खाचलेले, आणि किती माद्या पाजत्या आहेत. पुढच्या डिसेंबरात तेच रस्ते, तीच वेळ. संख्या उतरण्याच्या दोन-तीन वर्षे आधी पाजत्या माद्या कमी होतात. खाचलेले कान वाढत आहेत आणि पाजत्या माद्या तेवढ्याच आहेत, तर नर उचलले जात आहेत असे समजावे. खाच नसलेली मोठी कुत्री अचानक दिसू लागली, तर कोणीतरी दुसऱ्या गावची आणून सोडतो आहे.

हे सगळे मार्गी लागले तरी पहिला मोसम संपेपर्यंत रेबीज आपल्यातच आहे. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची भीती ज्यांच्या मनात अजून आहे, त्यांना सांगावे की ती लस भारतात केव्हाच बंद झाली. आज कुत्रा चावला किंवा नखाने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे आणि रक्त आले असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन मागून घ्यावे. त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जावे. कुत्रा ओळखीचा असला, कान खाचलेला असला, तरीही.